जिन्यातला फोन: दम लपवणारे वडील आणि मुलाचं तिसरं बोलणं

भाऊबीजेच्या दिवशी अण्णा लेकीच्या घराचा जिना चढत होते. घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते थांबले, खिशातून मोबाईल काढून कानाला लावला आणि "हां, बोल. हां. हां," असं करत कठड्याला टेकले. मुलगा फराळाची पिशवी घेऊन मागून येत होता, तोही थांबला. तेवढ्यात कानाला लावलेला तो फोनच वाजायला लागला. वरून लेक विचारत होती, "अण्णा, कुठवर आलात?"

मुलगा मला म्हणाला, "डॉक्टर, मला आधी हसू आलं. मग पोटात गोळा आला."

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 22 वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. हे प्रकरण दोघांच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असं जे होतं ते बदललं आहे. आजार तसा नेहमीचाच निघाला, हार्ट फेल्युअर. लिहायचं कारण निदान नव्हे. निदानापर्यंत पोचायला जे अडीच महिने गेले आणि त्या काळात बाप-लेकात जी तीन बोलणी झाली, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिली दोन फसली. ती का फसली हे मला त्या वेळीही पूर्ण कळलं नव्हतं.

अण्णा 68 वर्षांचे. 33 वर्षं प्रवासी बसवर ड्रायव्हर होते. 11 वर्षांपासून मधुमेह. ब्लडप्रेशरची गोळी आठवण झाली तर. बिडी 15 वर्षांपूर्वी सोडलेली. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी जवळजवळ रोज. मुलगा चाकणला एका कारखान्यात, शनिवारी रात्री गावी येतो. घरात अण्णा आणि आई दोघंच. लेकीचं घर त्याच गावात, आणि नातीला स्कूटरवरून शाळेत सोडणं हे अण्णांचं रोजचं काम. ही स्कूटर पुढे महत्त्वाची आहे.

पहिलं बोलणं भाऊबीजेच्याच रात्री झालं, जेवणाच्या ताटावर, सगळ्यांसमोर.

"अण्णा, तुम्हाला दम लागतो."

"कुणाला? मला?"

"जिन्यात फोनचं नाटक केलंत. मी बघितलं."

"आरं, फोन कट झाला हुता. माझ्या कुठं ध्यानात आलं!"

"उद्या डॉक्टरकडे जायचं."

"कशाला? मला काय बी झालेलं नाय. गॅस हाय जरा. सोडा घेतला की उतरतो."

"हा हट्ट बरा नव्हे. तुम्हाला काही झालं तर मी तिकडे, आईने एकटीने काय करायचं? आणि डॉक्टरला दाखवेपर्यंत स्कूटर बंद. पोरीला मागे बसवायचं नाही."

अण्णा ताटावरून उठले. कपाटातून कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर काढून आणलं, बोटाला लावलं आणि मुलाच्या नाकासमोर धरलं. 96. "बघ. ह्ये काय खोटं बोलतंय व्हय?" मग हात धुऊन खोलीत गेले.

मुलाकडे याला उत्तर नव्हतं. उत्तर होतं, पण ते माहीत असण्याचं त्याला कारण नव्हतं. ऑक्सिमीटर रक्तात ऑक्सिजन किती भरलाय ते सांगतं, तो भरण्यासाठी माणसाला किती धाप टाकावी लागतेय ते सांगत नाही. हृदय कमी पडायला लागलं की सुरुवातीला शरीर जास्त वेळा श्वास घेऊन आकडा टिकवून धरतं. शिवाय आकडा घेतला बसल्या जागी, जेवताना. जिन्याच्या वळणावर घेतला असता तर कदाचित वेगळा आला असता. त्या यंत्राने कोविडात पुष्कळ जीव वाचवले, पण घरोघरच्या हट्टी माणसांच्या हातात एक प्रमाणपत्रही देऊन ठेवलं.

दुसरं बोलणं म्हणजे खरं तर बोलणं नव्हतंच. डिसेंबरात मुलाने रजा काढली आणि अण्णांना म्हणाला, "चला, साताऱ्याला जाऊन तुमची शुगर तपासून आणू, येताना नातीला स्वेटर घेऊ." गाडी थांबली ती एका हृदयरुग्णालयाच्या दारात. अण्णांनी पाटी वाचली. एक शब्द न बोलता उतरले, रिक्षा केली, स्टँड गाठलं आणि मिळेल त्या गाडीने घरी आले. त्यानंतर तीन आठवडे ते मुलाशी फक्त "जेवलास का" एवढंच बोलत होते.

या तीन आठवड्यांत लपवणं वाढलं. आधी ते टीव्ही बघता बघता आरामखुर्चीतच झोपायचे. आता मुलगा घरी असला की मुद्दाम पलंगावर आडवे व्हायचे, उशी एकच. रात्री दोन-अडीचला आईला जाग यायची तर पलंग रिकामा. अण्णा अंगणात, हौदाच्या कट्ट्यावर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेले. विचारलं तर, "आत लय उकडतंय." पौषातली रात्र होती ती.

आई माझ्याकडे आली ती तेव्हा. तिच्या सांगण्यावरून पुढच्या शनिवारी मुलगा आला. "डॉक्टर, तुम्ही फोन करून दटावा त्यांना. तुमचं ऐकतील."

मी फोन केला नाही. माझ्या धाकाने एकदा येतील आणि मग मलाही फसवतील, असं वाटलं. त्याऐवजी मी त्याला विचारलं, "तू त्यांना आतापर्यंत नेमकं काय विचारलंस?"

"हेच. दम लागतो का?"

"आणि ते नाही म्हणाले."

"खोटं बोलतात."

मला तसं वाटत नाही, आणि हीच या प्रकरणातली कळीची गोष्ट आहे. ज्याचा दम महिनोन् महिने हळूहळू वाढत जातो, तो माणूस आपलं जगणं त्या मापाने कापत नेतो. बाजार लांबचा सोडून जवळचा धरतो. पाण्याची कळशी उचलणं "आता होत नाही बाबा वयानं" म्हणून सोडतो. देवळाच्या पायऱ्या चढण्याऐवजी खालूनच हात जोडतो. बूट जाऊन चपला येतात. इतकं सगळं कापल्यावर उरलेल्या दिवसात त्याला खरोखरच फारसा दम लागत नाही. तेव्हा "दम लागतो का" याला तो "नाही" म्हणाला तर ते निम्मं खरं असतं. विचारायचं असतं ते काय सुटलं, केव्हापासून सुटलं आणि का सुटलं.

मुलगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बूट. अण्णा रोज सकाळी बूट पॉलिश करायचे, रिटायर झाल्यावरही. दसऱ्यापासून चपला घालतात. मला वाटलं गुडघे."

गुडघे असूही शकतात. पण लेस बांधायला पुढे वाकलं की पोट आणि छाती दाबली जाते, आतला दाब आधीच वाढलेला असेल तर हृदयाला तो झेपत नाही आणि अर्ध्या मिनिटाच्या आत दम कोंडतो. हार्ट फेल्युअरचे कितीतरी रुग्ण हे जिन्याच्या आधी बुटांवरून सांगतात.

मी त्याला त्या रात्री करायला तीनच गोष्टी सांगितल्या. पहिली, अण्णा गाढ झोपलेले असताना पोटाची हालचाल बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही, त्यात चूक होते. मोठ्या माणसाचे शांत असताना 12 ते 20 भरतात. दुसरी, संध्याकाळी पायावरून हात फिरवायचा झाला तर नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून बघायचं, खड्डा राहतो का. तिसरी, रात्री कितीदा उठतात आणि कशासाठी ते आईला विचारायचं. यातून हृदय की फुप्फुस की रक्त कमी, हे काही ठरत नाही. तो तपासणीचा विषय. पण थांबायला वेळ किती आहे याचा अंदाज येतो.

आणि एक गोष्ट बजावून सांगितली. आडवं होताच येत नाही, वाक्य पुरं करता येत नाही, घामाने अंग भिजलंय, ओठ निळसर दिसतायत, छातीत दाब आहे किंवा बोलण्यात भ्रम आहे, यातलं काहीही दिसलं तर समजूत घालत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा. त्या वेळी बापाचा रुसवा परवडतो.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. श्वास 24. खड्डा राहतो, मोज्याच्या रबराचा वळही दुपारपर्यंत जात नाही. लघवीला रात्री तीनदा उठतात. मी म्हटलं, आजच बोल. पण "डॉक्टर" हा शब्द तुझ्या तोंडून पहिल्यांदा यायला नको.

तिसरं बोलणं अंगणात झालं. अण्णा स्कूटर पुसत होते आणि मुलाने दुसरं फडकं घेऊन मागचं चाक धरलं. दोघांची तोंडं स्कूटरकडे, एकमेकांकडे नव्हेत. हे त्याला मी सुचवलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. पुढचं बोलणं त्याने मला त्याच दिवशी सांगितलं, आणि नंतर अण्णांनीही त्यात दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

"अण्णा, साताऱ्याला तुम्हाला फसवून नेलं. चुकलं माझं."

अण्णा पुसत राहिले. "लहान पोराला सुई द्यायला नेत्यात तसं नेलंस."

"हो. परत नाही करणार."

बराच वेळ फक्त फडक्याचा आवाज.

"तुमचे काळे बूट कुठे ठेवलेत?"

"माळ्यावर हायत. का?"

"विकायचेत का?"

"आरं, चांगलं बूट हायत त्ये! विकायचं काय?"

"मग घालत का नाही?"

इथे अण्णांचा हात थांबला. मुलगा म्हणतो, मी त्यांच्याकडे बघितलं नाही, चाकाच्या तारा पुसत राहिलो. आयुष्यात एवढं गप्प बसायला मला कधी जड गेलं नव्हतं.

"लेस बांधाय वाकलं की..." अण्णा म्हणाले, "कुणीतरी पोत्याचं तोंड आवळल्यागत होतंय."

"कधीपासून?"

"गौरी-गणपतीच्या आसपास."

"आणि रात्री कट्ट्यावर?"

"आडवं झालं की तासा-दोन तासानं जाग येती. वर आल्याबिगर हवाच मिळत नाय. बसलं की पाच-दहा मिन्टात उतरतं. मग वाटतं, उतरलं की. कशाला कुणाला उठवायचं."

हे वर्णन पुस्तकातल्यापेक्षा नेमकं आहे. दिवसभर पायात साचलेलं पाणी माणूस आडवा झाला की हळूहळू परत रक्तात येतं. चांगलं हृदय ते पुढे ढकलतं. थकलेलं हृदय ढकलू शकत नाही, मागे फुप्फुसांत दाब वाढतो आणि तिथे पाणी झिरपतं. म्हणून दम लगेच न लागता तासा-दोन तासांनी लागतो आणि उठून बसलं की उतरतो. रात्रीची लघवीही त्याच पाण्याची. "उतरतं" हीच त्यातली फसगत, कारण उतरतं म्हणजे बरं झालं असं माणसाला वाटतं.

पोरगं आता घाई करणार, अशी मला ऐकतानाच भीती वाटली. त्याने केली नाही. त्याने विचारलं, "हे सांगितलं असतं तर काय झालं असतं अण्णा?"

"तू सांगितलंस की त्या दिवशी. ताटावर."

"काय?"

"स्कूटर बंद."

मग अण्णांनी जे सांगितलं ते घरात आजवर कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्याबरोबर एक ड्रायव्हर होता, घाटातली गाडी त्याच्यासारखी कुणी चालवत नसे. एका वर्षी तपासणीत डॉक्टरने कागदावर शेरा मारला, अनफिट. पगार फारसा कमी झाला नाही, पण त्याला गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. "रोज आमी गाड्या घिऊन त्याच्या म्होरनं जायचो. त्यो मान वर करायचा नाय. मी तवा ठरवलं, डॉक्टरच्या तोंडनं आपल्याला ह्यो शब्द ऐकायचा नाय." पुढच्या सगळ्या तपासण्यांच्या आधी अण्णा आठवडाभर मीठ कमी करायचे, जाग्रण टाळायचे आणि आत गेल्यावर विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला "काही त्रास नाही" म्हणायचे. ही सवय नोकरीबरोबर सुटली नाही. मुलाने ताटावर जे म्हटलं, तो त्यांच्या कानांनी ऐकलेला तोच शेरा होता.

माझ्या हिशेबाने इथे लपवण्याचा अर्थ बदलतो. अण्णांच्या बाजूने बघितलं तर ते वेडेपणा करत नव्हते. दम कबूल केला तर नात जाते, स्कूटर जाते, गेटवरची खुर्ची येते. लपवला तर फक्त रात्र जाते. हा सौदा त्यांना परवडत होता, कारण तिसरी बाजू, म्हणजे लपवल्याने जीव जाऊ शकतो, ती त्यांच्या हिशेबात नव्हतीच. गॅसने कोण मरतं?

मुलाने ती बाजू कशी आणली ते ऐकण्यासारखं आहे.

"अण्णा, गाडी डेपोत लावताना तुम्ही वहीत शेरा लिहायचात ना?"

"लिहायलाच लागतंय. पिकअप नाय, ब्रेक लांब लागतो, जे आसंल ते."

"एखाद्या ड्रायव्हरने नाही लिहिलं तर?"

"तर सकाळच्या ड्रायव्हरच्या गळ्यात. आन् मागं पन्नास माणसं." थोडं थांबून, "मी कधी शेरा चुकवला नाय. एकदा बी नाय."

"लिहिला की गाडी भंगारात जायची का?"

"खुळा का काय! वर्कशॉपला जायची. दोन दिसांनी परत लायनीवर."

मुलगा यावर काहीच बोलला नाही. मला वाटतं तो बोलला असता, "मग तसंच तुमचंही" असं काही जोडलं असतं, तर सगळं फिसकटलं असतं. अण्णांनी फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि म्हणाले, "मागं पोरगी बसती, ते खरं हाय."

नंतर अटी झाल्या. अण्णांच्या तीन. साताऱ्याला नाही, आधी आपल्या गावच्या डॉक्टरकडे, म्हणजे माझ्याकडे. खोलीत मुलाने तोंड उघडायचं नाही, बोलणार ते. आणि त्याच दिवशी ॲडमिट करणार नाही असं वचन द्यायचं. मुलाने पहिल्या दोन मान्य केल्या, तिसऱ्यावर म्हणाला, "हे वचन मी देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही. पण तुम्हाला न सांगता, न विचारता काही होणार नाही." मग त्याने स्वतःची एक अट घातली. रात्री आडवंच होता आलं नाही किंवा घाम फुटला तर तो विचारणार नाही, 108 बोलावणार. अण्णा म्हणाले, "तवा इचारत बसू बी नको."

यातली "वचन देऊ शकत नाही" ही जागा मला फार मोलाची वाटते. घरचे लोक अशा वेळी हवं ते कबूल करतात, "काही नाही हो, नुसतं दाखवून येऊ", आणि मग डॉक्टरने ॲडमिट म्हटलं की दुसरी फसवणूक खात्यावर जमा होते.

सोमवारी सकाळी नऊला दोघं आले. मुलगा कोपऱ्यात हाताची घडी घालून बसला. अण्णांनी खिशातून वहीचं पान काढलं आणि वाचून दाखवलं, डेपोत शेरा द्यावा तसं: वाकल्यावर दम, रात्री दोनला जाग, पाय सुजणे, जिन्यात वळणावर थांबणे, आणि सगळ्यात खाली "चालविताना त्रास नाही." ही शेवटची ओळ त्यांनी जरा मोठ्याने वाचली.

नाडी 104, ब्लडप्रेशर 158/96, श्वास 24. मानेची शीर फुगलेली, फुप्फुसांच्या तळाशी दोन्हीकडे बारीक चरचर, सूज नडगीच्या मध्यापर्यंत. बसल्यावर ऑक्सिजन 95. त्यांना बोळातून दोनदा चालवून आणलं, 91. मी आकडा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. "म्हंजी बसून मोजायचं नसतं व्हय," म्हणाले.

ईसीजीवर जुन्या हार्ट अटॅकच्या खुणा होत्या. मी विचारलं, मधल्या काळात एखादी वाईट रात्र गेली होती का? आठवली. श्रावणातला सोमवार, उपवास सोडल्यावर रात्री प्रचंड मळमळ, घाम, पोटाच्या वरच्या भागात जडपणा. साबुदाण्याने ॲसिडिटी झाली म्हणून सोडा घेतला, पहाटे जरा बरं वाटलं. छातीत कळ आलीच नाही. मधुमेहात नसा बधिर होतात आणि अटॅक असा कळ न देता येऊन जातो. ती रात्र हीच असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण दम सुरू झाला तो त्यानंतर महिन्याभराने, आणि सोडाही तेव्हापासूनच रोजचा झाला.

हा सोडा आणि ती गुडघ्याची गोळी, दोन्ही वर्मी लागणाऱ्या गोष्टी. सोडा म्हणजे सोडियम. ते शरीरात पाणी धरून ठेवतं, जसं मीठ धरतं. गुडघ्याची गोळी डायक्लोफेनॅक गटातली होती, तीही मूत्रपिंडाकडून मीठ-पाणी अडवते. म्हणजे दमाला गॅस समजून अण्णा रोज रात्री जे घेत होते, त्याने दम वाढत होता. मी हे सांगितलं तेव्हा कोपऱ्यातल्या मुलाचं तोंड उघडलं. अण्णांनी नुसता हात वर केला, ते मिटलं.

ॲडमिट करावं असं माझं मत होतं आणि मी ते सांगितलं. ते नाही म्हणाले. मग मी हृदयरोगतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला, आणि त्याच दुपारी अण्णा साताऱ्याला जाऊन त्यांना दाखवून आले. या वेळी पाटी वाचून आत गेले. टूडी इकोत हृदयाची पंपिंग 30 टक्के आली. हे ऐकून घरचे हमखास घाबरतात, 70 टक्के हृदय गेलं असं समजतात. तसं नसतं. निरोगी हृदयही एका ठोक्याला भरलेल्या रक्तातलं साधारण 55 ते 70 टक्केच बाहेर टाकतं. 30 कमी आहे, गंभीर आहे, पण उरलेलं सगळं संपलं असा त्याचा अर्थ नाही. तिथेही ॲडमिशनवरून घासाघीस झाली. मूत्रपिंडाचा आणि पोटॅशियमचा रिपोर्ट ठीक, चालताना बोलता येतंय, घरी माणूस आहे आणि तिसऱ्या दिवशी परत दाखवणार, एवढ्या जोरावर त्यांनी औषधं देऊन घरी सोडलं. मुलाने आठवडाभर रजा टाकली. खरं सांगायचं तर पहिल्या दोन रात्री मी फोन उशाशी घेऊन झोपलो.

लघवी वाढवणाऱ्या औषधाने दहा दिवसांत वजन 74.5 वरून 70 वर आलं. साडेचार किलो, सगळं पाणीच. अण्णा पहिल्यांदा सलग सहा तास झोपले. गुडघ्यांसाठी साधी पॅरासिटामॉल दिली, सोडा कचऱ्यात गेला. अँजिओग्राफी नंतर झाली, त्याचा तपशील इथे नको.

राहिली स्कूटर. पहिल्या दिवशी माझ्या खोलीतून उठताना अण्णांनीच विचारलं होतं, "मग? अनफिट?" मी म्हटलं, "सहा आठवडे चालवायची नाही, एकट्यानेही नाही. औषधांनी ब्लडप्रेशर उतरतं, कधी चक्कर येते. सहा आठवड्यांनी तपासून ठरवू. तेव्हाही नाही म्हणावं लागलं तर तोंडावर म्हणीन." त्यांना तारीख हवी होती. मी कॅलेंडरवर तारीख लिहून दिली. तोपर्यंत नातीला ते शाळेत चालत सोडायला लागले, आधी निम्म्या वाटेपर्यंत आणि मग दारापर्यंत. आईला त्यांनी श्रावणातल्या रात्रीबद्दल अजून सांगितलेलं नाही. मी आग्रह धरला नाही. ते बरोबर केलं का, माझं मलाच ठरत नाही.

रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करायचं आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, असं मी सांगितलं होतं. अण्णांनी त्यासाठी आडव्या रेघांची जाड वही केली. तारीख, वजन, शेरा. फेब्रुवारीतल्या एका पानावर आहे: "72.1. तीन दिवसांत दोन किलो. पुतण्याच्या लग्नात पापड, लोणचे, मठ्ठा. चूक आपली. डॉक्टरांना फोन केला." तो फोन त्यांनीच केला होता. मुलाला ते मी सांगितल्यावर कळलं.

कॅलेंडरवरच्या तारखेला अण्णा आले तेव्हा पायात काळे बूट होते, पॉलिश केलेले. दुसऱ्या इकोत पंपिंग 38 आली होती. मी म्हटलं, "आता इथेच एकदा लेस सोडून बांधून दाखवा." ते खुर्चीत बसून खाली वाकले. मी घड्याळ बघत होतो. अर्धं मिनिट गेलं, पाऊण गेलं, ते वाकलेलेच. मी विचारलं, "दम लागतोय का अण्णा?"

"नाय," खालूनच आवाज आला. "पयली गाठ नीट बसली नव्हती."